गठ्ठ्याची उंची आणि एका कागदाची जाडी यावरून संख्या काढणे: तीन उत्तरं येतात, खरं कुठलं?

कारकून_नं_१
भरलेल्या अर्जांचा एक गठ्ठा आहे. प्रत्येक अर्ज एका पानाचा, ए४, ८० जीएसएम, लेझर प्रिंटरवर छापलेला आणि बॉलपेनने भरलेला. स्टेपल किंवा टाचणी कुठेच नाही. एकेक न मोजता किती अर्ज आहेत ते काढायचं आहे. गठ्ठा टेबलावर ठोकून सरळ केला आणि पट्टीने उंची घेतली तर ९१ मिमी आली.

आता भागाकार. कागदाच्या वेष्टनावर जाडी १०० मायक्रॉन लिहिली आहे, त्याने ९१० येतात. स्क्रूगेजमध्ये एक अर्ज धरला तर ०.११ मिमी वाचन मिळतं, त्याने ८२७ येतात. वरचे १०० अर्ज मोजून त्यांची उंची घेतली तर ११.५ मिमी, म्हणजे एकाला ०.११५, त्याने ७९१ येतात. सूत्र तर तेच, उंची भागिले जाडी. तिन्हींत शंभराहून जास्त फरक कसा? आणि यातलं कुठलं धरू?

स्क्रूगेज
स्क्रूगेजचंच धरा, पण एकच वाचन घेऊ नका. त्याचं लघुतम माप ०.०१ मिमी. म्हणजे ०.११ हे खरं तर ०.१०५ ते ०.११५ मधलं काहीही असू शकतं. ९१ ला या दोन टोकांनी भागलं तर ८६७ आणि ७९१ येतात. तुमचा निम्मा घोळ इथेच आहे. दहा वेगवेगळ्या अर्जांची जाडी घ्या, सरासरी काढा, चूक निघून जाईल. शून्य त्रुटी तपासायला विसरू नका, जबडे कोरे मिटल्यावर शून्य दिसलं पाहिजे.

मंजिरी_द
स्क्रूगेज यांचं टोकांचं गणित बरोबर आहे, पण सरासरीने इथे फारसं हाती लागणार नाही. दहाही अर्ज ०.११ च दाखवत असतील तर सरासरीही ०.११ च येणार. एकेक धरण्यापेक्षा दहा अर्ज एकत्र जबड्यात धरून दहाने भागलं तर वाचनाची चूक दहापट कमी होते. तेवढं जरूर करा.

पण मूळ अडचण वाचनाची नाहीच, दाबाची आहे. कागद म्हणजे तंतूंची जाळी, आत हवा, आणि दोन कागदांच्या मध्येही हवा. त्यामुळे "या कागदाची जाडी" असा एकच आकडा नसतो, अमुक दाबाखालची जाडी असते. वेष्टनावर जे मायक्रॉन लिहितात ते सहसा आयएसओ ५३४ या मानकाप्रमाणे मोजलेले असतात, आणि त्यात कागदावर १०० किलोपास्कल दाब देतात. यंत्राची टोकं छोटी, २०० चौरस मिमी क्षेत्रफळाची, म्हणून तिथे २० न्यूटन बल पुरतं. तोच दाब अख्ख्या ए४ गठ्ठ्यावर द्यायचा तर क्षेत्रफळ ०.०६२ चौरस मीटर, म्हणजे सहा हजार न्यूटनच्या वर, साधारण ६३५ किलो वजन गठ्ठ्यावर ठेवावं लागेल. तुमच्या गठ्ठ्यावर त्यातलं काहीच नव्हतं. म्हणून मोकळ्या गठ्ठ्याची उंची वेष्टनावरच्या जाडीने भागली की संख्या नेहमी फुगूनच येते. ९१० हा आकडा आधी बाजूला ठेवा.

स्क्रूगेजचंही तेच. रॅचेटने फिरवलंत की नुसतं बोटांनी, यावर दाब बदलतो. शिवाय एकटा कागद दोन पोलादी टोकांमध्ये धरला की टोकं त्याच्या उंचवट्यांना टेकतात. गठ्ठ्यात शेजारच्या कागदाचे उंचवटे आणि खोलगट जागा थोड्याफार एकमेकांत बसतात. एकट्या कागदाची जाडी आणि गठ्ठ्यातल्या एका कागदाने अडवलेली उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुम्हाला हवी आहे दुसरी. म्हणून तुमचा तिसरा रस्ता, मोजलेल्या अर्जांची उंची घेण्याचा, तोच तत्त्वतः बरोबर. फक्त तो नीट झाला नाही.

कारकून_नं_१
म्हणजे ७९१ जवळचा?

मंजिरी_द
नाही, तो बहुधा कमी आहे. दोन कारणं. एक, १०० अर्जांचा छोटा गठ्ठा जास्त मोकळा बसतो. ९१ मिमीच्या गठ्ठ्यात खालच्या अर्जांवर वरच्यांचं वजन असतं. ८० जीएसएमचं एक ए४ पान ५ ग्रॅमचं, म्हणजे आठेकशे पानं चार किलो होतात. छोट्या गठ्ठ्यावर हे वजन नाही. दोन, पट्टीने ११.५ वाचताना अर्धा मिमी इकडेतिकडे सहज होतो, आणि साडेअकरात अर्धा म्हणजे चार टक्क्यांहून जास्त. आठशेत ते पस्तीस अर्ज झाले.

दोन्ही गठ्ठे एकाच वजनाखाली मोजा आणि पट्टी सोडून व्हर्नियर कॅलिपर घ्या. ए४ पेक्षा किंचित मोठ्या, सपाट अशा दोन फळ्या हव्यात. एक खाली, एक वर. वरच्या फळीवर मधोमध दहाएक किलोचं वजन. त्याने गठ्ठ्यावर दीड किलोपास्कल दाब येतो. १०० च्या पुढे तो काहीच नाही, पण गठ्ठ्याच्या स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त आहे, म्हणून लहान-मोठ्या गठ्ठ्यांतला फरक बराच पुसला जातो. वजन ठेवल्यावर लगेच वाचू नका, एकदोन मिनिटं हवा निघू द्या. मग कॅलिपरने दोन्ही फळ्यांच्या बाहेरून चारही कोपऱ्यांवर उंची घ्या आणि सरासरी काढा. कोपऱ्यांत अर्ध्या मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर गठ्ठा नीट ठोकलेला नाही किंवा वजन मध्यावर नाही.

पानोपानी
पुस्तकाला हे लागू होत नाही का? माझ्याकडे ४१६ पानांचं पुस्तक छापायला जाणार आहे, कण्याची रुंदी हवी आहे मुखपृष्ठासाठी. कागदाची जाडी ०.१०४ आहे असं कळलं. ४१६ गुणिले ०.१०४ म्हणजे ४३ मिमी. एवढं जाड?

पुठ्ठा_बांधणी
पानोपानी, कागदाला दोन बाजू असतात. ४१६ पृष्ठं म्हणजे २०८ कागद, म्हणजे साडेएकवीस मिमीच्या आसपास. त्यात मुखपृष्ठाच्या कागदाची जाडी दोनदा मिळवा आणि डिंकाला थोडं सोडा. पण मुखपृष्ठ छापायच्या आधी त्याच कागदाचा २०८ कोऱ्या पानांचा नमुना बांधून घ्या आणि कणा त्यावर मोजा. वर मंजिरीताईंनी दाबाचं जे लिहिलंय ते इथेही लागू आहे, बांधणीत कागद दाबला जातो. आणि हा धागा उलट्या प्रश्नाचा आहे, उंचीवरून संख्या.

वजनकाटा
एवढी यातायात कशाला? गठ्ठा काट्यावर ठेवा. ५ ग्रॅमने भागा. झालं.

गणिती_किडा
वजनाचा मार्ग चांगला आहे, पण ५ ग्रॅमने भागू नका. ५ ग्रॅम येतात ते ८० जीएसएम अगदी ८० धरून. कारखान्यात तो आकडा थोडा खालीवर होतोच, आणि कागदात जी पाच टक्क्यांच्या आसपास ओल असते ती हवेप्रमाणे बदलते. ओल एका टक्क्याने वाढली की आठशे कागदांत आठ कागदांची चूक. इथेही शंभर मोजून त्यांचंच वजन घ्यायला हवं, त्याच गठ्ठ्यातून काढलेले, त्याच खोलीत, त्याच वेळी.

तसं केलं तर खरं सांगायचं म्हणजे वजन उंचीपेक्षा सरस आहे. वजनाला दाब कळत नाही, सुरकुत्या कळत नाहीत. १ ग्रॅमपर्यंत वाचणारा काटा असेल तर १०० अर्ज ४९९ ग्रॅम, चूक ०.२ टक्के, आठशेत दोनेक अर्ज.

कारकून_नं_१
काटा आहे तो ५० ग्रॅमच्या पायरीने वाचतो. शंभर अर्जांना त्याचा उपयोग नाही. शिवाय काही अर्जांवर फोटो चिकटवले आहेत, ते किती ते माहीत नाही.

गणिती_किडा
५० ग्रॅम म्हणजे दहा अर्ज. मग उंचीच बरी. आणि फोटो? ते उंचीलाही छळणार. सगळे फोटो एकाच कोपऱ्यात येतात ना? तो कोपरा फुगणार.

मंजिरी_द
फोटोवाले अर्ज थोडे असतील तर वेगळे काढून हाताने मोजा. गठ्ठ्याच्या कडेला पाहिलं तर फोटोची चकचकीत धार दिसते, आणि कोपरा बोटाने सोडत गेलं की ते अर्ज अडखळतात. ते मिसळून ठेवलेत तर कोपऱ्यांची सरासरी कशाचीच राहत नाही.

कारकून_नं_१
फोटोवाले ४१ निघाले, बाजूला ठेवले. उरलेला गठ्ठा फळ्यांमध्ये, १० किलोखाली मोजला. फळ्यांची जाडी वजा जाता ८७.४ मिमी. वरचे १०० अर्ज मोजून तसेच ठेवले, १०.८ मिमी. म्हणजे एकाला ०.१०८, आणि उत्तर ८०९. आता हे पक्कं?

गणिती_किडा
थांबा, अजून एक पायरी. शंभरच्या जोडीला ५०, १५० आणि २०० अर्जांचीही उंची घ्या, सगळं तसंच ठेवून. चार आकडे इथे द्या.

कारकून_नं_१
५० ला ५.६, १०० ला १०.८, १५० ला १६.१, २०० ला २१.२.

गणिती_किडा
आता गंमत बघा. १०० ला १०.८ असतील आणि उंची सरळ प्रमाणात वाढत असेल तर ५० ला ५.४ हवे होते. ५.६ आलेत. २०० ला २१.६ हवे होते, २१.२ आलेत. म्हणजे प्रत्येक वाचनात कागदांखेरीज काहीतरी ठरावीक जास्तीचं बसलं आहे. ५० वरून २०० वर जाताना १५० अर्ज वाढले आणि उंची १५.६ ने वाढली. एका अर्जाची खरी भर ०.१०४. पन्नास अर्जांचे झाले ५.२, आणि वाचन ५.६, म्हणजे ०.४ मिमी फुकटचे.

मोठ्या गठ्ठ्यातही हे ०.४ एकदाच आहेत. ८७.४ मधून ते काढले की ८७.०, भागिले ०.१०४, उत्तर ८३६. तुमचं ८०९ सत्तावीस अर्जांनी कमी पडलं, कारण शंभरच्या वाचनातले ०.४ मिमी तुम्ही शंभर अर्जांवर वाटून टाकलेत, आणि मग मोठ्या गठ्ठ्यात प्रत्येक शंभरामागे तेवढेच धरलेत. छोट्या नमुन्याने जाडी काढायचा सगळ्यात मोठा धोका हाच आहे. आकडा स्वच्छ दिसतो, वाचन नीट असतं, आणि उत्तर तरी सरकलेलं असतं.

यावरून एक सोय निघते. फळ्यांची जाडी वजा करायचीही गरज नाही. दोन वाचनांची वजाबाकी केली की फळ्या, कॅलिपरची शून्य त्रुटी, सगळं आपोआप गळून पडतं.

पुठ्ठा_बांधणी
हे ०.४ मिमी आले कुठून पण? फळ्यांची जाडी तर आधीच वजा केली होती.

मंजिरी_द
फळ्या नुसत्या एकमेकींवर ठेवून मोजल्या असतील तर त्या जशा बसतात तशा कागदावर बसत नाहीत. किंचित बाक असेल तर कागदाच्या मऊ थरावर तो वेगळा उघडतो. लेझर प्रिंटरमधून निघालेल्या कागदाला उष्णतेने एका बाजूला वळण आलेलं असतं, तेही सगळ्यात वरच्या आणि खालच्या काही कागदांत पुरतं दबत नाही.

पुठ्ठा_बांधणी
वळणाचं मला पटत नाही. दहा किलोखाली वळण राहत नाही, आणि राहिलंच तर प्रत्येक कागदात थोडंथोडं राहील, म्हणजे ते जाडीत मिसळेल, वेगळं उरणार नाही. मला वाटतं फळ्याच बाकदार आहेत. मधोमध वजन ठेवलं की वरची फळी मध्ये दबते, कडा वर येतात, आणि वाचन घेतलंय कोपऱ्यांवर. काच वापरून बघा, जाड काच बाकत नाही.

मंजिरी_द
शक्य आहे. गठ्ठ्याची उंची बदलली तरी हा बाक तेवढाच राहतो असं धरलं तर हिशोब दोन्हीकडून तोच येतो. राहत नसेल तर मात्र किडा यांची सरळ रेषा किंचित वाकडी होईल. चार बिंदूंत तसं दिसत नाही, पण ते दोनशेपर्यंतच आहेत आणि आपण आठशेवर उडी मारतोय.

स्क्रूगेज
मग ८३६ छापून टाका. ०.००१ मिमीपर्यंत जाडी मिळाली आहे, चूक एखाद्या अर्जाची.

गणिती_किडा
०.१०४ मधले तीन दशांश भागाकाराने आलेत, मोजमापाने नाही. कॅलिपरचं वाचन अशा मऊ गठ्ठ्यावर ०.१ मिमीपर्यंतच भरवशाचं. दोन वाचनांच्या वजाबाकीत चूक साधारण ०.१४ धरा. ती १५० अर्जांवर वाटली की जाडीत ०.९ टक्क्यांची शंका राहते. आठशे छत्तीसचे ०.९ टक्के म्हणजे सातआठ अर्ज. तर उत्तर ८३६, सातआठ इकडे किंवा तिकडे.

एकाही अर्जाची चूक नको असेल तर एकूण चूक अर्ध्या अर्जाच्या आत हवी. ८३६ मध्ये अर्धा म्हणजे ०.०६ टक्के. ८७ मिमीवर ते ०.०५ मिमी होतात, अर्ध्या कागदाएवढे. कॅलिपर ०.०२ वाचतो हे खरं, पण तोच गठ्ठा उचलून पुन्हा ठोकून ठेवलात तर उंची त्याहून जास्त हलते. कागदाला हा मार्ग शंभर-दीडशेपर्यंत अचूक संख्या देऊ शकतो. पुढे तो अंदाज देतो, चांगला अंदाज, पण अंदाजच.

कारकून_नं_१
सातआठ जरा जास्त आहेत. तीनचार चालतील. काय वाढवू?

गणिती_किडा
मोजलेला भाग वाढवा. दोनशेवर अजून अडीचशे हाताने मोजा आणि ४५० ची उंची घ्या. जमलं तर ते सगळे वरूनच घेऊ नका. वरचे, मधले, खालचे असे तीन ठिकाणचे. गठ्ठ्याच्या तळातले बरेच दिवस दबलेले असतात.

कारकून_नं_१
मधून आणि तळातून घेतले. ४५० ला ४७.१ मिमी. पूर्ण गठ्ठा पुन्हा ठोकून मोजला, तो ८७.४ च.

गणिती_किडा
छान. ५० ते ४५० हे ४०० अर्ज, उंचीतला फरक ४१.५, म्हणजे एकाला ०.१०३७५. आता पूर्ण गठ्ठ्याला भागू नका. ४५० तुम्ही हाताने मोजलेत, त्यांच्यात चूक नाही. अंदाज फक्त उरलेल्यांचा करायचा. ८७.४ वजा ४७.१ म्हणजे ४०.३ मिमी, त्यात फुकटचे ०.४ उरलेच नाहीत कारण ते दोन्हीकडे होते. ४०.३ भागिले ०.१०३७५ म्हणजे ३८८. अधिक ४५०, एकूण ८३८.

चूक किती? जाडीतली शंका आता ०.३४ टक्के, ३८८ वर ती एका अर्जाच्या थोडी वर. उंचीच्या वजाबाकीतले ०.१४ मिमी म्हणजे अजून एक-सव्वा अर्ज. दोन्ही मिळून दोनच्या आसपास. आधीचे ८३६ सातआठच्या शंकेसह होते, त्यात ८३८ आरामात बसतं. फोटोवाले ४१ धरून एकूण ८७९.

उगाच_एक
४५० हाताने मोजले, ४१ वेगळे मोजले, आता उरलेले ३८८ पण मोजून टाकायचे होते की. तेवढ्या वेळात झालं असतं.

गणिती_किडा
एकच गठ्ठा असेल तर अगदी बरोबर बोललात. असे वीस गठ्ठे असतील, कागद आणि छपाई तीच असेल, तर ४५० एकदाच मोजायचे आणि ०.१०३७५ सगळ्यांना वापरायचं. मात्र तेव्हा जाडीतली शंका पूर्ण गठ्ठ्यावर लागेल, म्हणजे आठशेला तीन, आणि वीसही गठ्ठ्यांत ती एकाच दिशेने सरकेल. वीस गठ्ठ्यांत तीनतीन म्हणजे साठ. वाचनातल्या चुका काही वर काही खाली जाऊन एकमेकींना खातात, जाडीतली चूक खात नाही.

पुठ्ठा_बांधणी
बांधणीत कॅलिपर कोण काढतो? शंभर मोजलेले एका बाजूला ठेवायचे, शेजारी मोठ्या गठ्ठ्यातून तेवढ्याच उंचीचा भाग उचलून ठेवायचा, आणि दोन्हींवर आडवा तळहात किंवा बोट फिरवायचं. एका कागदाची पायरी बोटाला लागते. कमी असेल तर एकदोन टाका, जास्त असेल तर काढा. दोन्ही गठ्ठे एकाच सपाट टेबलावर, एकाच दिशेने ठोकलेले आणि वरून सारखेच दाबलेले हवेत, एवढंच. असे आठ शंभरी गठ्ठे करायचे आणि उरलेले मोजायचे. यात जाडीचा आकडा लागतच नाही.

एकच गोष्ट कटाक्षाने पाळा. तुलना नेहमी पहिल्या, मोजलेल्या शंभराशी करा. दुसऱ्या गठ्ठ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून चौथा असं गेलात की चूक पुढेपुढे सरकते.

स्क्रूगेज
हे बरंय. छोटे भाग केले की चूक कमी होतेच.

मंजिरी_द
नुसते भाग केल्याने होत नाही. प्रत्येक भागात एका कागदाची चूक कधी वर कधी खाली झाली, तर आठ भागांत एकूण तीनेक कागदांची चूक निघेल. पण तुमचा मोजलेला शंभरच ९९ चा असेल तर आठही भाग एकेकाने कमी पडतील, आणि कुठलीही तुलना ते सांगणार नाही. तो पहिला शंभर दोनदा मोजा, आणि दुसऱ्या खेपेस उलट्या बाजूने.

नाणेफेक
नाण्यांना हे सगळं लागतं का? माझ्याकडे एकाच प्रकारच्या नाण्यांची चळत आहे, ७४ मिमी, एक नाणं १.८५ मिमी. सरळ ४० ना?

गणिती_किडा
सरळ ४०, कारण नाणं दबत नाही आणि जाड आहे. चाळीसात अर्ध्या नाण्याची मोकळीक म्हणजे सव्वा टक्का. १.८५ मध्ये ०.०२ मिमीपर्यंतची चूक चालून जाते. कागदाला ही चैन नाही. फक्त १.८५ कुठे मोजलंत ते बघा. चळतीत नाणी कडेवर टेकतात, मधल्या चित्रावर नाही. स्क्रूगेजचं टोक मध्ये टेकलं असेल तर आकडा कमी येईल. दहा नाणी एकावर एक ठेवून कॅलिपरने घ्या आणि दहाने भागा, म्हणजे कड, झीज, चिकटलेला मळ सगळं हिशोबात येतं. नवी कोरी नाणी घेऊन जाडी काढली आणि चळत झिजलेल्यांची असेल तर संख्या कमी निघते.

आणि उंची टेबलाला काटकोनातच घ्या. चळत एका बाजूला सरकून कलंडलेली असेल तरी उभी उंची तीच राहते, पण कॅलिपर तिच्या तिरक्या कडेला लावला तर वाढते. ७४ मिमीची चळत वर १० मिमी सरकलेली असेल तर तिरकी लांबी ७४.७ येते, म्हणजे नाण्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. अर्ध्याच्या फार जवळ गेलात.

नाणेफेक
बाकीच्या चळतींत दोन प्रकार मिसळलेत. व्यास तोच, पण एक १.८ मिमी आणि दुसरं २.० मिमी. एका चळतीची उंची ७५.४ मिमी. किती?

गणिती_किडा
नुसत्या उंचीवरून सांगता येणार नाही. करून बघा: पातळ ३ आणि जाड ३५ म्हणजे ५.४ अधिक ७०, ७५.४. पातळ १३ आणि जाड २६, तेही ७५.४. पातळ २३, जाड १७, पुन्हा ७५.४. पातळ ३३, जाड ८, तेच. एकूण नाणी ३८, ३९, ४० किंवा ४१. दहा पातळ काढून नऊ जाड घातली की उंची हलत नाही, म्हणून. मोजमाप कितीही बारीक केलं तरी हे सुटत नाही.

इथे वजन उपयोगी पडतं. एकेका प्रकाराचं वजन किती?

नाणेफेक
पातळ ५.४ ग्रॅम, जाड ६.६. चळतीचं वजन २३६ ग्रॅम.

गणिती_किडा
मग चारही जोड्यांचं वजन काढा. पहिली २४७.२, दुसरी २४१.८, तिसरी २३६.४, चौथी २३१. तिसरी जुळते. २३ पातळ, १७ जाड, एकूण ४०. शेजारच्या दोन जोड्यांत ५.४ ग्रॅमचं अंतर आहे, साधा घरगुती काटा ते ओळखतो. पण उंची ७५.४ ऐवजी ७५.२ वाचली गेली तर जोड्यांची यादीच बदलते, म्हणून चळत घट्ट दाबून, मध्ये धूळ नाही हे बघून मोजा.

पुठ्ठा_बांधणी
कडेला नखाने चाळत गेलं तर जाड-पातळ डोळ्यांनाच दिसत नाहीत का? ०.२ मिमीचा फरक आहे.

नाणेफेक
नवी असती तर दिसला असता. कडा झिजून गोल झाल्यात, एकमेकांत मिसळतात. आणि अजून एक चळत आहे, तिच्यात तिसरा प्रकारही आहे, १.९ मिमीचा.

गणिती_किडा
तीन अज्ञात आणि मोजमापं दोन. वजनावरून बऱ्याच जोड्या गळतील, पण एकच उरेल याची खात्री नाही. तिसऱ्याचं वजन कळवा, मांडून बघतो. तिन्हीतलं एखादं लोहचुंबकाला चिकटतं का तेही बघा. चिकटणारी वेगळी काढता आली तर पुन्हा दोनच अज्ञात राहतात.

नाणेफेक
चुंबक आणतो. वजन ६.० आहे.

गणिती_किडा
अरेरे. पातळ १.८ ला ५.४, मधलं १.९ ला ६.०, जाड २.० ला ६.६. म्हणजे एक पातळ आणि एक जाड मिळून बरोबर दोन मधल्यांएवढी उंची आणि दोन मधल्यांएवढंच वजन. प्रकार किती किती ते काट्याला आणि कॅलिपरला कधीच कळणार नाही. मात्र ही अदलाबदल दोनास दोन आहे, त्यामुळे एकूण संख्या तिच्याने बदलत नाही. तुम्हाला एकूणच हवी आहेत की प्रकारवार?

नाणेफेक
प्रकारवार.

गणिती_किडा
मग चुंबकच.